जुन्या ऑपरेटरपेक्षा नव्याला जास्त पगार? मॅनेजरनी या चुका टाळा

बेळगावात उद्यमबाग किंवा मच्छेच्या मशीन शॉपमध्ये पगाराची बातमी लपून राहत नाही. पगार खात्यात पडला की संध्याकाळी चहाच्या गाड्यावर कुणाला किती मिळाले ते सगळ्यांना कळतं. मग पुढच्या महिन्यात एखाद्या चांगल्या माणसाचा कामातला जीव निघून जातो आणि मॅनेजरला कारण कळत नाही. हे वारंवार घडतं, आणि यात चांगली माणसं हकनाक जातात, म्हणून एक उदाहरण घेऊन नीट बघूया.

समजा, खानापूरहून रोज येणारा एक व्हीएमसी ऑपरेटर आहे. नऊ वर्षं एकाच शॉपमध्ये, पगार 19,500. शॉपला अचानक ऑर्डर वाढते आणि निपाणीकडचा एक ऑपरेटर घ्यावा लागतो. तो सीमेपलीकडे महाराष्ट्रातल्या कागलच्या एमआयडीसीत काम केलेला, तिथला पगार सांगून 21,000 वर येतो. फरक 1,500 चा. मालकाला वाटतं, जुन्यालाही दिवाळीनंतर तेवढे वाढवू, विषय मिटेल.

पण तो तेवढ्याने मिटत नाही. जुना दोन मशीन चालवतो, नव्या जॉबचं सेटिंग करतो, पहिला पीस पास करून घेतो आणि नव्या पोरांना शिकवतो. नवीन माणूस सेटिंग झालेला जॉब एका मशीनवर चालवतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन स्टेसी अॅडम्स यांनी 1963 मध्ये जो समता सिद्धांत मांडला, तो नेमका इथे लागू पडतो. माणूस नुसता पगाराचा आकडा बघत नाही. आपण कामात जे घालतो आणि त्याबदल्यात जे मिळतं, त्याचं प्रमाण तो शेजारच्याच्या प्रमाणाशी ताडून बघतो. म्हणून दोघांचा पगार 21,000 केला तरी जुन्याचा हिशोब जुळत नाही. "तेवढ्याच पगारात मी दोन मशीन बघायचं काय?" हा त्याचा प्रश्न तसाच राहतो, आणि तो प्रश्न बरोबर आहे.

पहिली चूक: लक्षणं चुकीच्या रजिस्टरमध्ये शोधणं

प्रमाण बिघडलं की माणूस ते आपल्या परीने जुळवून घेतो. पगार वाढवणं त्याच्या हातात नसतं, पण कामात किती जीव ओतायचा हे त्याच्याच हातात असतं. महिन्याच्या पगारावरचा माणूस मेहनत कमी करतो. आधी पाऊण तासात होणारं सेटिंग सव्वा तासावर जातं, ओटीला "घरी काम आहे" म्हणतो, ऑफसेट कसा धरायचा ते नव्याला सांगत नाही. उत्पादनाचा आकडा मात्र बराच काळ तसाच दिसतो, म्हणून मॅनेजर गाफील राहतो.

पीस रेटवर गोष्ट उलटी होते. फाउंड्रीतलं फेटलिंग असो की वडगाव-शहापूरकडचे माग, तिथे मिळकत नगावर असते. तिथे नाराज माणूस नग कमी करत नाही, उलट वाढवतो आणि दर्जा सोडतो. तेव्हा पीस रेटवर रिजेक्शन आणि रीवर्क बघा. महिन्याच्या पगारावर सेटिंगचा वेळ, ओटीचा नकार आणि सोमवारच्या रजा बघा. राजीनामा हे यातलं शेवटचं लक्षण आहे, तोवर उशीर झालेला असतो.

दुसरी चूक: "पगार कुणाला सांगू नका" अशी ताकीद

ताकीद दिल्याने तुलना थांबत नाही, ती अर्धवट माहितीवर होऊ लागते. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेला ओडिशातल्या हातकाम करणाऱ्या कामगारांवरचा एक अभ्यास इथे फार उपयोगी आहे. एकाच गटात वेगवेगळी मजुरी दिल्यावर कमी मजुरीवाल्यांची हजेरी आणि काम दोन्ही घसरलं. पण ज्या ठिकाणी कोण जास्त काम करतो हे सगळ्यांना उघड दिसत होतं, तिथे तसा फटका बसला नाही. म्हणजे माणूस फरक सोसतो. ज्याचं कारण दिसत नाही तो फरक त्याला सोसत नाही.

आपल्याकडे याला आणखी एक धार असते. एकाच शॉपमध्ये मराठी आणि कन्नड बोलणारी माणसं असतात. कारण कळलं नाही की "सुपरवायझर आपल्या भाषेच्या पोरांना हलका जॉब देतो" असा संशय दोन्हीकडे सहज उगवतो. म्हणून कुणाला कोणतं काम येतं आणि त्याचा भत्ता किती, हा तक्ता बोर्डावर दोन्ही भाषांत लावावा.

तिसरी चूक: कागलची तुलना झटकून टाकणं

"तिकडे जास्त मिळतंय तर जा की" हे वाक्य फार महागात पडतं. निपाणी-चिकोडी पट्ट्यातल्या माणसाला सीमेपलीकडची नोकरी खरोखर हाताशी आहे. त्यात महागाई भत्ता कर्नाटकात 1 एप्रिलला बदलतो, तर महाराष्ट्रात तो जानेवारी आणि जुलैत बदलतो. त्यामुळे दोन राज्यांतल्या किमान वेतनातला फरक वर्षभर सारखा राहत नाही.

अशा वेळी समोर बसून आकडे मांडावेत. आपल्याकडचे 21,000 म्हणजे पूर्ण पगारावर पीएफचे 12 टक्के आणि ईएसआयचे 0.75 टक्के कापून हातात साधारण 18,300. तिकडचा मित्र "हातात 22 हजार" म्हणत असेल, तर त्यात ओटी किती, ड्युटी आठ तासांची की बारा, पीएफ कापतात का, जाण्यायेण्याचा खर्च कुणाचा, हे विचारावं. कधी फरक विरघळतो, कधी खरा निघतो. खरा निघाला तर तो मान्य करावा.

चौथी चूक: भरवशाच्या माणसावरच भार टाकणं

"तूच बघ बाबा, दुसऱ्याला जमणार नाही" हे मॅनेजरच्या तोंडचं कौतुक असतं, पण हिशोबात ते फुकटचं काम आहे. सिनियर ऑपरेटर असं नाव दिल्याने काही दिवस बरं वाटतं. भत्ता किंवा अधिकार सोबत नसेल, तर तेच नाव नंतर टोचू लागतं.

मग करायचं काय

त्याला आधी विचारा, "तू कुणाशी ताडून बघतोयस?" उत्तर न ऐकता पगार वाढवला तर पैसे चुकीच्या जागी जातात. मग एका कागदावर दोघांची कामं लिहा. आपल्या उदाहरणात सेटिंग, दुसरं मशीन आणि शिकवणं ही तीन कामं पगारात कुठेच धरलेली नाहीत. दोघांचा मूळ पगार सारखा करून सेटिंगचा 1,500 भत्ता वेगळा ठेवता येतो. नवा ऑपरेटर सेटिंग शिकून पहिला पीस स्वतः पास करू लागला की तो भत्ता त्यालाही मिळावा. पैसे लगेच नसतील तर दुसरं मशीन नव्याकडे द्या. भार कमी केला तरी प्रमाण सुधारतं. सगळ्यांना सरसकट वाढ देऊ नका, कारण तिने दोघांमधली दरी आहे तशीच राहते.

आत्ता काहीच शक्य नसेल तर कारण आकड्यांसकट सांगा आणि तारीख द्या. जेराल्ड ग्रीनबर्ग यांनी 1990 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन अमेरिकन कारखान्यांत दहा आठवडे 15 टक्के पगारकपात झाली होती. एका ठिकाणी दीड तास बसून, तक्ते दाखवून, आदराने कारण सांगितलं गेलं. दुसरीकडे पंधरा मिनिटांत विषय संपवला. कपातीच्या काळात चोरी दोन्हीकडे वाढली, पण दुसरीकडे कितीतरी जास्त. अर्थात तिथली कपात तात्पुरती होती. कायमची दरी नुसत्या समजावण्याने भरत नाही.

उलट टोकाचीही अपेक्षा ठेवू नका. जास्त पगार दिला म्हणून माणूस कायम जास्त राबतो असं होत नाही. थोड्याच दिवसांत तो पगार आपल्या लायकीचाच आहे असं त्याला वाटू लागतं.

दोन महिन्यांनी पुन्हा सेटिंगचा वेळ आणि ओटीचं रजिस्टर उघडा. सेटिंग पाऊण तासाच्या आसपास आलं असेल तर हिशोब जुळला. नसेल, तर तो आता वेगळ्याच कुणाशी ताडून बघतोय. कदाचित क्वालिटीतल्या माणसाशी किंवा कागलच्या मेव्हण्याशी. मग तोच पहिला प्रश्न पुन्हा विचारा.