बाळ रडण्याआधी जागा शोधून ठेवा

तान्ह्या बाळाला घेऊन मोठ्या शहरात दिवस काढायचा असेल, तर फिरण्याचा बेत बाळाच्या दुधाच्या वेळांभोवती आखा. बाळ साधारण अडीच तासांनी पीत असेल आणि नऊ वाजता पाजून निघालात, तर अकरापर्यंतच ठरवलेल्या जागी पोचा. भूक वाढून बाळ रडायला लागलं, की ते स्तन नीट तोंडात धरत नाही आणि अनोळखी जागी तुमचीही घाई होते.

मॉल, विमानतळ, मोठी रेल्वे स्थानकं आणि संग्रहालयं इथे स्तनपान कक्ष असण्याची शक्यता जास्त. नकाशावर खूण दिसली तरी आधी फोन करा आणि तीनच गोष्टी विचारा: खोली आज उघडी आहे का, किल्ली कोणाकडे असते, आत टेकायला पाठीची खुर्ची आहे का. कुलूपबंद कक्ष हा नेहमीचा अनुभव आहे. किल्ली असलेला माणूस जेवायला गेला, की अर्धा तास गेलाच म्हणून समजा. कोणी शौचालयात पाजायला सुचवलं, तर स्पष्ट नकार द्या. त्यापेक्षा कपड्यांच्या दुकानातली ट्रायल रूम मागा, बहुतेकदा मिळते.

पंपाने दूध काढत असाल, तर ताजं दूध २५ अंशांपर्यंतच्या तापमानात ४ तास टिकतं. बर्फाच्या गोठवलेल्या पॅकसह इन्सुलेटेड पिशवीत २४ तास. उन्हाळ्यात पिशवीच न्या. आणि शौचालय टाळण्यासाठी स्वतः पाणी पिणं कमी करू नका. पाजण्याच्या थांब्यालाच शौचालयात जाणंही उरकता येतं.