या चुका टाळा: मशीनच्या घसाऱ्याला महागाई भत्ता मिळत नाही

रबाळे एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपच्या मालकांनी मला त्यांची एक्सेल शीट दाखवली. चाळीस लाखांचं व्हीएमसी मशीन घ्यायचं होतं आणि शीट सांगत होती की सगळा हिशोब करून ९७ हजार रुपये वर उरतात. "सर, सीएनी कर बघितलाय, बँकेने व्याज बघितलंय. तुम्ही फक्त एकदा नजर टाका," ते म्हणाले. कराचा दर बरोबर होता, घसाराही बरोबर होता. तरीही मशीन खरं तर ७५ हजारांच्या तोट्यात जात होतं. घोळ महागाईचा होता, आणि ठाणे-नवी मुंबईतल्या छोट्या कारखान्यांच्या शीट्समध्ये तो मला वरचेवर भेटतो.

आधी त्यांचे आकडे बघू. मशीनची किंमत जीएसटी सोडून ४० लाख, कारण जीएसटीचं क्रेडिट घेतलं की त्या रकमेवर घसारा मिळत नाही. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, २२ टक्क्यांचा सवलतीचा दर निवडलेला, म्हणजे सरचार्ज आणि सेस धरून २५.१६८ टक्के. हा दर घेतला की नव्या मशीनवरचा जादा घसारा मिळत नाही. उरतो तो नेहमीचा १५ टक्के, आणि तोही दरवर्षी शिल्लक राहिलेल्या किमतीवर.

पहिल्या वर्षी घसारा ६ लाख, म्हणून कर वाचला १,५१,००८ रुपये. पाचव्या वर्षी वाचतात ७८,८२७ आणि दहाव्या वर्षी जेमतेम ३५ हजार. हे सगळे आकडे मशीनचं बिल फाटलं त्या दिवशीच ठरले. पुढे स्टील महाग होवो, वीज महाग होवो, कामगारांचे पगार वाढोत, आयकर खातं ४० लाखांचे ४५ करून देत नाही. महागाई ६ टक्के धरली तर पाचव्या वर्षीच्या ७८,८२७ रुपयांत आजच्या भावाने सुमारे ५८,९०० रुपयांचाच माल येतो. दहाव्या वर्षीच्या ३५ हजारांत साडेएकोणीस हजारांचा.

चूक कुठे झाली

मालकांनी बाकीची शीट आजच्या रुपयांत केली होती: मशीनमुळे कर भरून वर्षाला साडेचार लाख सुटतील, दहा वर्षं, आजच्या भावाने. पद्धत चांगली आहे, पुढच्या भाववाढीचा अंदाज बांधत बसावं लागत नाही. अशा रकमांना महागाई वगळलेला दर लावायचा, ज्याला रिअल रेट म्हणतात. त्यांना पैसा १२ टक्क्यांना पडतो. महागाई ६ टक्के, म्हणजे १.१२ भागिले १.०६. रिअल रेट आला ५.६६ टक्के. (नुसतं १२ वजा ६ करून ६ टक्के लिहिणारेही खूप आहेत. फरक थोडा असतो, पण भागाकार करायला काय लागतं?)

मग त्यांनी घसाऱ्याच्या करबचतीलाही हाच ५.६६ टक्के दर लावला, आणि तिथेच गाडी रुळावरून घसरली. साडेचार लाख हे आजचे रुपये आहेत, ते भावाबरोबर वाढतील. करबचतीचे रुपये मात्र त्या-त्या वर्षाचे, न वाढणारे. त्यांना महागाईसकटचा १२ टक्के दरच लागतो. घसारा शिल्लक किमतीवर चालत असल्यामुळे सगळ्या वर्षांच्या बचतीची आजची किंमत एका ओळीत निघते. आकडे लाखांत:

```
=40*0.15*0.25168/(0.12+0.15)      5.59
=40*0.15*0.25168/(0.0566+0.15)    7.31
```

वरची ओळ बरोबर, खालची त्यांच्या शीटमधली. साडेचार लाखांच्या दहा वर्षांची आजची किंमत ३३.६६ लाख येते. (दहा वर्षांनी मशीन विकून येणारे पैसे आपण सोडून दिलेत.) त्यात ७.३१ मिळवले की ४० लाखांच्या वर ९७ हजार उरतात. ५.५९ मिळवले की ७५ हजार कमी पडतात. १ लाख ७२ हजारांची ही करबचत कुठल्याच वर्षी हातात येणार नव्हती.

दुसरी चूक वेगळी दिसते, पण तिचा आकडा हाच येतो. शीट महागाईसकट केलेली असते, १२ टक्के दरही बरोबर असतो. मग कोणीतरी विक्री आणि खर्चाच्या ओळींवर `*1.06` लावून उजवीकडे ओढतं आणि त्या ओढण्यात घसाऱ्याची ओळही जाते. बचत पहिल्या वर्षापासून ६ टक्क्यांनी फुगवून १२ टक्क्यांनी खाली आणली काय, किंवा न फुगवता ५.६६ टक्क्यांनी आणली काय, उत्तर ७.३१ लाखच. त्यामुळे दोन जणांनी दोन पद्धतींनी हिशोब करून "जुळलं" म्हणून खूश होण्याचा प्रकारही मी पाहिला आहे.

शीट बिघडली आहे हे ओळखायचं कसं

करबचतीच्या ओळीची नुसती बेरीज करा. कितीही वर्षं पुढे गेलात तरी ती ४० लाखांच्या २५.१६८ टक्क्यांपलीकडे, म्हणजे १०.०७ लाखांपलीकडे जाऊच शकत नाही. गेली तर ओळ फुगवलेली आहे.

बेरीज ठीक असेल तर चूक दरात असू शकते. रिअल रेट ५.६६ वर स्थिर ठेवा आणि महागाईचा सेल बदलून बघा. २ टक्के टाकल्यावर करबचतीची आजची किंमत ६.६३ लाख यायला हवी, ६ टक्क्यांना ५.५९ आणि १० टक्क्यांना ४.८४. महागाई बदलूनही आकडा जागचा हलला नाही तर तुमच्या शीटला महागाई दिसतच नाही. मालकांच्या शीटमध्ये तेच झालं. त्यांनी तीन-चारदा आकडा बदलून पाहिला, मग गप्प झाले.

नंतर त्यांनी एक रास्त शंका काढली: कर्जाचा हप्ताही रुपयांत ठरलेलाच असतो ना, मग महागाईत आपला फायदा नाही का? आहे, पण तो देणेकऱ्याचा फायदा. हप्ता आपण देतो, म्हणून रुपया स्वस्त झाला की आपण सुटतो. करबचत हे आपलं येणं, तिथे स्वस्त रुपया आपल्याच पदरात पडतो. शिवाय बँक महागाई गृहीत धरूनच व्याज लावते, त्यामुळे तो फायदाही वाटतो तेवढा नसतो.

"मग इंडेक्सेशन?" हा प्रश्नही येतोच, कारण जुना फ्लॅट विकताना कोणीतरी ते घेतलेलं असतं. घसारा घेतलेल्या मशीनला ते कधीच नव्हतं. असं मशीन विकून नफा झालाच तर तो कितीही वर्षांनंतर अल्पमुदतीचा धरतात.

तोट्याच्या वर्षांत हे आणखी झोंबतं. नफा नसेल तर न वापरलेला घसारा पुढे ओढता येतो, वर्षांची मर्यादा नाही. पण त्यावर व्याज नाही की भाववाढ नाही. तीन वर्षं तोट्यात गेली तर ६ टक्के महागाईने पहिल्या वर्षाच्या दीड लाखाचं मोल सुमारे १६ टक्क्यांनी घटतं, आणि शीटमध्ये तो दीड लाख पहिल्याच वर्षी जमा दाखवलेला असतो. नफा ज्या वर्षी अपेक्षित आहे त्याच वर्षी बचत मांडा.

तारखेचंही तसंच. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर पहिल्या वर्षी घसारा निम्माच, साडेसात टक्के. उरलेला बुडत नाही, पुढच्या वर्षांत सरकतो, पण सरकलेला रुपया स्वस्त झालेला असतो. या मशीनवर त्याची किंमत सुमारे ३० हजार. मोजणी मशीन वापरात आलं त्या दिवसापासून होते, बिलाच्या तारखेपासून नाही. मशीन सप्टेंबरात शेडमध्ये आलं आणि वीजजोडणीचा लोड वाढून मिळेपर्यंत नोव्हेंबर उजाडला, तर साडेसात टक्केच.

मालकांनी मशीन घेतलं, पण विक्रेत्याकडून किंमत सव्वा लाखाने उतरवून. किंमत उतरली की घसाराही थोडा उतरतो, हे त्या वेळी त्यांनीच मला सांगितलं.