गिअर खाली येईना : अपलॉक आणि पर्यायी पद्धतीतल्या या चुका टाळा

इंदूरच्या हँगरमध्ये विमान जॅकवर चढवलं, की दर तुकडीतला कोणीतरी पर्यायी एक्स्टेन्शनचं, म्हणजे नेहमीची यंत्रणा गेल्यावर गिअर (चाकांचे पाय) खाली आणायचं, हँडल वीतभर ओढतो, हात थांबवतो आणि जाहीर करतो, "दादा, अटकलंय." अटकलेलं काही नसतं. हँडल अजून अर्धंही आलेलं नसतं. हीच चूक हवेत झाली तर माणूस चांगल्या यंत्रणेला नादुरुस्त ठरवून पोटावर उतरायची तयारी करू लागतो. म्हणून याच धाटणीच्या चुकांबद्दल जरा सविस्तर.

पहिली चूक : गिअर वर कशाच्या जोरावर टिकलाय, हेच माहीत नसणं

मोठ्या विमानांत गिअर वर गेल्यावर पायावरचा रोलर अपलॉकच्या, म्हणजे पाय वर धरून ठेवणाऱ्या लॉकच्या, हुकात शिरतो. रोलरच्या धक्क्याने हुक फिरतो आणि स्प्रिंगच्या जोरावर मिटून बसतो. त्यानंतर पायाचं सगळं वजन त्या हुकावर असतं, हायड्रॉलिक दाब नसला तरी चालतं. म्हणजे अशा विमानात हायड्रॉलिक गेलं तर गिअर वरच राहतो. कोणीतरी हुक सोडवल्याशिवाय तो खाली येणार नाही.

फ्लाइंग स्कूलमधल्या पायपर सेनेकाचं बरोबर उलटं आहे. तिला अपलॉकच नाही. विजेवर चालणारा पंप तेलाचा दाब तयार करतो आणि त्या अडकलेल्या दाबावर तिन्ही पाय वर टांगलेले राहतात. दाब गेला, की पाय आपोआप खाली लोंबायला लागतात. तिची आणीबाणीची नॉबसुद्धा फक्त एक झडप उघडून दाब सोडून देते, बाकी काम वजन करतं. बिघाड एकच, परिणाम मात्र दोन विमानांत विरुद्ध. तरीही सेनेकाच्या गिअर बेमध्ये डोकं घालून "अपलॉक कुठंय?" असं शोधणारे दरवर्षी भेटतात. पुस्तकातली हायड्रॉलिकची आकृती पाच मिनिटं पाहिली असती तर मान वाचली असती.

सेनेकात बिघाड ओळखायची खूण वेगळी आहे. क्रूझमध्ये, गिअरला हात न लावता, पंप थोड्या थोड्या वेळाने घरघर करून बंद होत असेल आणि अ‍ॅमीटरचा काटा तेवढ्यापुरता उडत असेल, तर दाब कुठेतरी गळतोय आणि पंप तो पुन्हा भरतोय. बाहेर थेंब दिसला तर नळी किंवा जोड पाहायचा. बाहेर सगळं कोरडं असेल तर गळती आतल्या आत आहे : अ‍ॅक्चुएटरची सील, नाहीतर आणीबाणीची ती झडपच नीट बसलेली नाही. अशा वेळी तेल वाढवून विमान सोडून देणाऱ्यांना माझ्याकडून माफी नाही.

दुसरी चूक : अर्धवट ओढणं आणि घाईने सोडणं

बोइंग ७३७ एनजीचं उदाहरण घेऊ, कारण त्याची रचना समजली की बाकीच्या समजायला सोप्या जातात. नेहमीचा गिअर हायड्रॉलिक सिस्टीम ए वर चालतो. ती गेली, की उजव्या वैमानिकाच्या मागे जमिनीतलं छोटं झाकण उघडायचं. आत तीन हँडलं, प्रत्येक पायाला एक. पण त्याआधी गिअरचा लिव्हर ऑफवर न्यायचा, म्हणजे गिअरच्या नळ्यांतला दाब निघून जातो. मग एकेक हँडल त्याच्या शेवटापर्यंत ओढायचं. हा शेवट जवळजवळ दोन फुटांवर आहे. सुरुवातीला केबल सैल लागते, मग जड होते, आणि जड लागलं की नवशिक्याचा हात थांबतो. हुक सुटायचा असतो तो नेमका त्या जडपणाच्या पलीकडे. हुक सुटला, की त्या पायाचा लाल दिवा लागतो. लाल दिवा म्हणजे बिघाड झाला असं समजून दचकणारे असतात. इथे तो 'हुक सुटला, पाय वाटेत आहे' असं सांगत असतो.

शेवटचं हँडल ओढल्यावर १५ सेकंद थांबायचं आणि मग लिव्हर खाली करायचा. या १५ सेकंदांचा लोकांना फार जाच होतो. पण पाय इथे फक्त स्वतःच्या वजनाने आणि हवेच्या ओढीने येतोय. अ‍ॅक्चुएटरमधलं तेल त्याला बाहेर ढकलत जावं लागतं आणि तळाला डाउनलॉक बसावा लागतो. मनात मोजलेले १५ सेकंद ताणाखाली ७ होतात, म्हणून घड्याळ बघून मोजावं. जॅकवर सराव करवतानासुद्धा घड्याळाशिवाय हँडलला हात लावू देऊ नये, अशी माझी पद्धत आहे. त्यात आणखी एक फायदा होतो. डावा आणि उजवा पाय किती सेकंदांत आला हे लिहून ठेवलं, तर पुढच्या तपासणीत एखादा पाय मंदावलेला लगेच कळतो. मात्र हँगरमध्ये वारा नसतो, त्यामुळे जॅकवर झकास आलेला पाय हवेतही तसाच येईल याची ही पावती नव्हे.

एअरबस ए३२० मध्ये हँडलऐवजी दोन वैमानिकांच्या मधल्या पेडेस्टलवर फिरवायचा क्रँक आहे : बाहेर ओढून घड्याळाच्या दिशेने तीन फेरे, पार अडेपर्यंत. तिथेही अडीच फेऱ्यांवर "झालं वाटतं" म्हणणारे आहेतच. सेनेकात पर्यायी पद्धतीचा वेग कमी ठेवावा लागतो (सेनेका दोनच्या हँडबुकात ८५ नॉटच्या खाली) आणि हिरवा दिवा न लागल्यास रडरने शेपूट डावी-उजवीकडे डोलवायची. मुख्य पाय आडवे उघडतात. त्या डोलण्याने त्यांना बाहेरच्या दिशेने शेवटचा झोका मिळतो आणि लॉक बसतो.

हुक खरोखरच जड लागत असेल, तर त्याचं कारण बहुतेक वेळा साधं असतं. माळव्यातली बारीक काळी धूळ एप्रिल-मेमध्ये व्हील बेमध्ये बसते, जुन्या ग्रीसमध्ये मिसळते आणि हुकाच्या पिनेभोवती काळं कीट तयार होतं. त्यावर नवं ग्रीस थापणं हा आपल्याकडचा आवडता शॉर्टकट. आधी सगळं पुसून, मॅन्युअलमधल्या सॉल्व्हंटने धुऊन, कोरडं करून मगच मॅन्युअलमध्ये सांगितलेलं ग्रीस, सांगितलेल्या जागीच लावावं. हुक हाताने फिरवून पाहावा. तो स्प्रिंगने टकन परत यायला हवा, रेंगाळत आला तर काम झालेलं नाही.

तिसरी चूक : पर्यायी यंत्रणेलाही काहीतरी लागतं, हे विसरणं

१ नोव्हेंबर २०११. पोलंडच्या लॉट कंपनीचं बोइंग ७६७ न्यूअर्कहून वॉर्सासाठी उडालं. गिअर वर जाताना उजव्या मुख्य पायाकडची हायड्रॉलिकची लवचिक नळी फुटली आणि मधल्या सिस्टीमचं तेल गेलं. ७६७ चा गिअर याच मधल्या सिस्टीमवर चालतो. पण पर्यायी पद्धत होती, म्हणून अटलांटिक पार करून विमान पुढे गेलं. निर्णय समजण्यासारखा होता.

७६७ मध्ये पर्यायी पद्धतीला तेल लागत नाही, पण वीज लागते. स्विच दाबला, की एक विजेची मोटर केबल ओढते, दारांचे आणि पायांचे लॉक सुटतात आणि पाय खाली पडतात. वॉर्साजवळ स्विच दाबला, काहीच हललं नाही. विमान तासाहून जास्त वेळ घिरट्या घालत राहिलं. दोन एफ-१६ नी जवळ येऊन पाहिलं, पाय वरच होते. शेवटी कॅप्टन तादेउश व्रोना यांनी फेस पसरलेल्या धावपट्टीवर विमान पोटावर उतरवलं. आत २३१ जण होते, एकालाही इजा झाली नाही.

नंतर विमान उचललं तेव्हा सी-८२९ नावाचा सर्किट ब्रेकर बाहेर आलेला दिसला. तो उजव्या वैमानिकाच्या बाजूच्या पॅनलवर, पार खाली जमिनीलगत आहे, आणि पर्यायी गिअरची वीज त्याच्यातूनच जाते. तो आत दाबला, पर्यायी स्विच चालवला, आणि तिन्ही पाय खाली आले. मोटर, केबल, हुक, सगळं धडधाकट होतं.

इथे लोक सरळ वैमानिकांना नावं ठेवतात. मला ते पटत नाही. खुर्चीत बसल्यावर तो ब्रेकर सहज नजरेत येत नाही. पण म्हणूनच शोधायची सवय नजरेवर सोडू नये. ब्रेकरच्या रांगा वरून खालपर्यंत बोटांनी चाचपाव्यात. बाहेर आलेला ब्रेकर इतरांपेक्षा थोडा वर असतो, डोळ्याला अंधारात दिसत नाही, बोटाला लगेच लागतो. विमान कोणतंही असो, एका ओळीत लिहून काढावं : पर्यायी गिअरला माझ्या विमानात काय लागतं? केबल आणि हाताचा जोर? वीज? ती कुठल्या ब्रेकरमधून? ७३७ वाल्याचं आणि ७६७ वाल्याचं उत्तर वेगळं आहे, त्यामुळे एका विमानावरून आलेला अनुभवी माणूसही दुसऱ्यावर फसू शकतो.

चौथी : झाकण

७३७ मधलं ते जमिनीतलं झाकण उघडं असेल तर गिअर वर जाणं बंद होतं, खाली येणं मात्र चालू राहतं. हँगरमध्ये चाचणी झाली, झाकण नीट न बसवता वर गालिचा सारखा केला, की पुढच्या उड्डाणात गिअर वर जात नाही. मग परत आलेल्या विमानाचे पंप, व्हॉल्व्ह, सगळं उघडायला घेतात. आधी गुडघ्यावर बसून झाकण दाबून पाहा. तेवढंच पाहिलंत तरी अर्धा दिवस वाचेल.

बाकीच्या, थोडक्यात

सेनेकात दिवसा नेव्हिगेशन लाइट चालू राहिले तर गिअरचे हिरवे दिवे मंद होतात आणि उन्हात विझल्यासारखे दिसतात. आधी ते बंद करा. तरीही एकच दिवा लागत नसेल तर शेजारचा बल्ब काढून तिथे लावून पाहा.

पर्यायी पद्धतीने तीन हिरवे मिळाले, की हवेत नॉब आत ढकलून किंवा लिव्हर वर करून "बघू या का" करू नका.

ए३२० मध्ये या पद्धतीनंतर गिअरची दारं उघडीच राहतात. उतरल्यावर पहिल्यांदा लॉकपिना घालायच्या, मगच कोणी खाली वाकायचं. दाब चालू असताना दारांच्या रेषेत डोकं घालायचं नाही, ती मिटताना माणूस बघत नाहीत.

सेनेकाचं लाल खनिज तेल आणि जेटचं जांभळं फॉस्फेट एस्टर एकाच फनेलमधून ओतू नका. एकाच्या सील दुसऱ्या तेलात फुगतात आणि मग गिअर मंदावल्याची तक्रार दोन महिन्यांनी, भलत्याच माणसाच्या पाळीला येते.