या चुका टाळा: नववीच्या भूमितीत सिद्धता आणि रचनेचे गुण कुठे जातात

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या नववीच्या गणित भाग २ मधील सिद्धतेच्या प्रश्नात शेवटी काय मिळवायचे आहे, हे प्रश्नातच दिलेले असते. त्यामुळे शेवटची ओळ बरोबर आली, एवढ्याने परीक्षकाला विद्यार्थ्याविषयी काहीच कळत नाही. गुण मिळतात ते आकृती, पक्ष, साध्य आणि प्रत्येक विधानासमोर लिहिलेले कारण यांना. रचनेच्या प्रश्नातही तसेच आहे. पट्टी सरकवत अंदाजाने काढलेला त्रिकोण मापात जवळपास जुळू शकतो, पण त्यात कंस दिसत नसतील, तर रचनेचे गुण देता येत नाहीत. हे दोन्ही प्रकार येथे एकेका उदाहरणाने पाहू, कारण मुलांच्या नेहमीच्या चुका या दोन उदाहरणांत जवळजवळ सगळ्या येऊन जातात.

सिद्धता: केंद्रातून जीवेवर काढलेला लंब

वर्तुळ या प्रकरणातील प्रमेय घेऊ: वर्तुळाच्या केंद्रातून जीवेवर काढलेला लंब जीवेला दुभागतो. विधान शब्दांत दिलेले असल्यामुळे पहिले काम त्याचे अक्षरांत रूपांतर करण्याचे आहे, आणि पहिली चूकही येथेच होते. अनेक उत्तरपत्रिकांत पक्ष म्हणून प्रमेयाचे वाक्यच पुन्हा उतरवलेले आढळते. पक्षात फक्त दिलेली माहिती लिहावी: O केंद्र असलेल्या वर्तुळात रेख AB ही जीवा आहे आणि रेख OP ⊥ जीवा AB, A-P-B. साध्यात लिहावे: रेख AP ≅ रेख BP. त्यानंतर रचना म्हणून रेख OA आणि रेख OB काढल्याचे नमूद करावे. आकृतीत या दोन त्रिज्या काढायच्या आणि लेखनात त्यांचा उल्लेखच करायचा नाही, हीसुद्धा एक पायरी गाळणेच आहे.

सिद्धता अशी लिहावी:

△OPA आणि △OPB मध्ये,
∠OPA ≅ ∠OPB … (रेख OP ⊥ जीवा AB, प्रत्येकी 90°)
कर्ण OA ≅ कर्ण OB … (एकाच वर्तुळाच्या त्रिज्या)
रेख OP ≅ रेख OP … (सामाईक बाजू)
∴ △OPA ≅ △OPB … (कर्णभुजा कसोटी)
∴ रेख AP ≅ रेख BP … (एकरूप त्रिकोणांच्या संगत भुजा)

या ओळींत सर्वांत जास्त चुकणारा शब्द म्हणजे कसोटीचे नाव. दोन बाजू आणि एक कोन जुळल्याचे पाहून विद्यार्थी बाकोबा कसोटी लिहून मोकळे होतात. बाकोबा कसोटीत कोन त्या दोन बाजूंच्या मध्ये, म्हणजे समाविष्ट असावा लागतो. येथे OA आणि OP यांच्यामधला कोन ∠AOP आहे आणि त्याविषयी पक्षात काहीही दिलेले नाही. जो काटकोन दिला आहे, तो OA या बाजूसमोरचा आहे. दोन बाजू आणि समाविष्ट नसलेला कोन जुळला, तर सर्वसाधारणपणे त्रिकोण एकरूप ठरत नाहीत. तो कोन काटकोन असल्यामुळेच कर्णभुजा कसोटी लागू होते. म्हणून कसोटीचे नाव लिहिण्याआधी जुळलेल्या तीन घटकांवर आकृतीत खुणा कराव्यात आणि कोन कोणत्या दोन बाजूंच्या मध्ये पडला आहे, ते बोट ठेवून पाहावे.

दुसरी चूक याहून गंभीर आहे, कारण तीत एकही ओळ खोटी दिसत नाही. विद्यार्थी लिहितो, ‘रेख AP ≅ रेख BP … (केंद्रातून काढलेला लंब जीवेला दुभागतो)’, आणि मग बाबाबा कसोटीने त्रिकोण एकरूप दाखवून शेवटी पुन्हा AP = BP असा निष्कर्ष काढतो. जे सिद्ध करायचे तेच कारण म्हणून वापरल्यामुळे सिद्धता उरतच नाही. ही चूक पकडण्याचा सोपा उपाय असा की, उत्तर लिहून झाल्यावर साध्याची ओळ शेवटच्या पायरीपूर्वी कुठे आली आहे का, ते कंसातील कारणांसह शोधावे.

या ठिकाणी एक गोष्ट शिक्षकांनीही लक्षात घ्यावी असे मला वाटते. काही मुले OA = OB यावरून समद्विभुज त्रिकोणाच्या प्रमेयाने ∠OAP ≅ ∠OBP असे लिहितात आणि बाकोको कसोटी वापरतात. पाठ्यपुस्तकातली वाट ही नसली, तरी ती पूर्णपणे बरोबर आहे आणि प्रत्येक ओळीला कारण दिलेले असेल, तर तिला पूर्ण गुण मिळायला हवेत.

एकरूपतेचे विधान लिहिताना शिरोबिंदूंचा क्रम बिघडला, की पुढची ओळ आधाराविना राहते. △OPA ≅ △BPO असे लिहिले, तर A ची जोडी O शी लागते आणि AP ची संगत भुजा BP न राहता OP होते. काटकोनाचा बिंदू P दोन्हीकडे मध्ये, कर्णाचे सामाईक टोक O दोन्हीकडे प्रथम, अशी एकेक जोडी जुळवत विधान लिहावे. चिन्हांचेही असेच आहे: रेषाखंड एकरूप असतात आणि त्यांच्या लांबी समान असतात, म्हणून ‘रेख AP ≅ रेख BP’ किंवा ‘AP = BP’ असे लिहावे, दोन्हींची सरमिसळ करू नये.

याच प्रमेयाचा व्यत्यास विचारला, की गळणारी पायरी बदलते. तेथे P हा जीवेचा मध्यबिंदू दिलेला असतो आणि OP ⊥ AB दाखवायचे असते. बाबाबा कसोटीने त्रिकोण एकरूप होतात आणि ∠OPA ≅ ∠OPB मिळतो. येथून अनेक जण थेट ‘∴ रेख OP ⊥ जीवा AB’ लिहितात. दोन कोन समान आहेत, एवढ्यावरून ते काटकोन आहेत असे ठरत नाही. ते रेषीय जोडीतील कोन आहेत, म्हणून त्यांची बेरीज 180° आहे, आणि ते समान असल्याने प्रत्येक 90° आहे, या ओळी लिहाव्याच लागतात. मूळ प्रमेयाची सिद्धता पाठ करून आलेल्या विद्यार्थ्याचा घात येथे होतो, कारण त्याच्या डोक्यात काटकोन हा आधीपासून पक्षात बसलेला असतो.

रचना: दोन बाजूंची बेरीज

त्रिकोण रचना या प्रकरणासाठी हे उदाहरण घेऊ: △ABC असा काढा, की BC = 8 सेमी, ∠B = 60° आणि AB + AC = 10 सेमी.

प्रथम कच्ची आकृती काढावी. तीत BA ही बाजू A च्या पुढे D पर्यंत अशी वाढवावी, की AD = AC होईल. मग BD = AB + AC = 10 सेमी, आणि A हा C व D पासून समदूर असल्यामुळे तो रेख CD च्या लंबदुभाजकावर असला पाहिजे. हे विश्लेषण दोन-तीन ओळींत लिहायचे असते. ते न लिहिता थेट आकृती काढणाऱ्यांना पुढच्या पायरीला कोणत्या रेषाखंडाचा दुभाजक घ्यायचा, हेच आठवत नाही.

प्रत्यक्ष रचनेत रेख BC 8 सेमी काढावा, B पाशी 60° चा कोन करणारा किरण काढावा, त्यावर B पासून 10 सेमी अंतरावर D घ्यावा, C व D जोडावेत आणि रेख CD चा लंबदुभाजक काढावा. तो किरण BD ला जेथे छेदेल, तो बिंदू A. शेवटी A व C जोडावेत. येथे CD सुमारे 9.2 सेमी येतो, म्हणून कंपासमधले अंतर 4.6 सेमीपेक्षा स्पष्टपणे जास्त घ्यावे. ते जेमतेम निम्मे असेल, तर कंस एकमेकांना अगदी CD जवळ छेदतात आणि त्यांतून जाणारी रेषा सहज तिरकी होते.

या त्रिकोणाची मापे मुद्दाम अशी घेतली आहेत, की उत्तर पूर्णांकांत येते: AB = 3 सेमी आणि AC = 7 सेमी. आता चुका कशा ओळखता येतात ते पाहा. CD ऐवजी BC चा लंबदुभाजक काढला, तर A हा B व C पासून समदूर होतो आणि 60° मुळे 8 सेमी बाजूचा समभुज त्रिकोण मिळतो, त्यात बेरीज 16 येते. BD चा लंबदुभाजक काढला, तर A त्याच्या मध्यावर, B पासून 5 सेमीवर येतो. या चुकीच्या त्रिकोणातही AC नेमका 7 सेमी भरतो. म्हणून एकच बाजू मोजून समाधान मानू नये, दोन्ही मोजून बेरीज करावी. ती 10 ऐवजी 12 आली, की चूक उघडी पडते. योग्य रचनेत पेन्सिलच्या जाडीमुळे एक-दोन मिलिमीटरचा फरक पडू शकतो, दोन सेंटिमीटरचा पडत नाही.

बेरजेऐवजी वजाबाकी दिली असेल, तर D कोणत्या बाजूला घ्यायचा, हा खरा प्रश्न असतो. तोच त्रिकोण AC − AB = 4 सेमी या माहितीवरून काढू. AC ही मोठी बाजू आहे, म्हणून AB ला B च्या खालच्या बाजूने 4 सेमी वाढवले, तर AD = AB + BD = AC होते. म्हणजे D हा BA च्या विरुद्ध किरणावर घ्यावा लागतो. AB मोठी असती, तर तो BA या किरणावरच आला असता. आपल्या उदाहरणात D चुकून त्याच किरणावर 4 सेमी अंतरावर घेतला, तर ∠BDC काटकोन होतो, CD चा लंबदुभाजक किरणाला समांतर जातो आणि A मिळतच नाही. अशा वेळी विद्यार्थी कंस चुकला असे समजून खोडरबर घेतात आणि सगळी आकृती पुन्हा काढतात, तर चूक केवळ D च्या जागेत असते. इतर मापांत छेदनबिंदू मिळूही शकतो, पण मग लहान-मोठ्या बाजू उलट होतात, म्हणून मोजून पाहणे येथेही आवश्यक आहे.

कंस मात्र कोणत्याही परिस्थितीत पुसू नयेत. आकृती स्वच्छ दिसावी म्हणून ते पुसणारी मुले स्वतःच्या हाताने पुरावा नष्ट करतात. रचनेच्या खुणा स्पष्ट असाव्यात आणि त्या पुसू नयेत, अशी सूचना दहावीच्या गणित भाग २ च्या प्रश्नपत्रिकेवर छापलेली असते, तेव्हा ही सवय नववीतच लावलेली बरी. C व D ला जोडणारी रेषा, लंबदुभाजक आणि किरणाचा पुढचा भाग फिका ठेवावा आणि त्रिकोणाच्या तीन बाजू तेवढ्या गडद कराव्यात.

परिमिती आणि पायालगतचे दोन कोन दिलेल्या रचनेत चूक बहुधा एकच होते. परिमितीएवढ्या रेषाखंडाच्या टोकांशी दिलेल्या कोनांच्या निम्म्या मापाचे कोन काढायचे असतात, पण विद्यार्थी पूर्ण मापाचे काढतात. तसे केले, तर जो त्रिकोण तयार होतो त्याचा पायाच दिलेल्या परिमितीएवढा असतो, आणि पाया परिमितीएवढा असणे कोणत्याही त्रिकोणात शक्य नाही.