रिक्वायरमेंट डॉक्युमेंटमधून पहिला बॅकलॉग कसा काढावा

बॅकलॉग म्हणजे करायच्या कामांची क्रमाने लावलेली यादी. समजा, गावातल्या सहकारी दूध संस्थेसाठी सॉफ्टवेअर करायचंय. किकऑफच्या, म्हणजे पहिल्या बैठकीच्या, आधी चाळीस पानांचं रिक्वायरमेंट डॉक्युमेंट हातात पडतं. त्यात चार प्रकरणं आहेत: मास्टर्स, व्यवहार, रिपोर्ट्स, अ‍ॅडमिन. या चार नावांचे चार एपिक, म्हणजे कामांचे मोठे गट, करण्याचा मोह होतो, आणि पुढचं सगळं तिथेच बिघडतं. मास्टर्सचं काम आधी उरकलं, तर दोन महिन्यांनी दाखवायला फक्त सभासदांची यादी भरायचे फॉर्म असतात. दूध कुठेच नसतं.

म्हणून आधी डॉक्युमेंट वाक्यावाक्याने फोडा. एका शीटमध्ये प्रत्येक वाक्य, त्याचा मूळ क्रमांक आणि त्यापुढे एक खूण: हे काम आहे, नियम आहे, अट आहे की शंका? ४.२ मधलं हे वाक्य घ्या: ‘प्रणालीने दुधाची नोंद घ्यावी, फॅट व एसएनएफनुसार दर काढावा, पावती द्यावी व दर दहा दिवसांनी बिल तयार करावे.’ एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ. ‘व’ दिसला की थांबायचं. यात निदान तीन कामं आहेत आणि एक नियम. शिवाय एक शंकाही दडलेली आहे: दरपत्रक मध्येच बदललं तर आधीच्या दिवसांचा दर कोणता धरायचा? अशा शंकांची वेगळी यादी करून किकऑफलाच सचिवांसमोर ठेवा. तोपर्यंत उत्तर स्वतःच गृहीत धरून स्टोरी, म्हणजे वापरणाऱ्याच्या बाजूने मांडलेलं एक छोटं काम, लिहू नका.

आता कामांच्या स्टोरी करा. ‘दर काढणे’ एवढं लिहून भागत नाही. ‘सभासदाला दूध घातल्याबरोबर लिटर, फॅट, एसएनएफ आणि रक्कम असलेली पावती मिळावी, म्हणजे दहा दिवसांनी बिल आलं की त्याला स्वतः ताळा करता येईल,’ असं लिहिलं की पावतीवर काय छापायचं हे आपोआप ठरतं. दरपत्रकाचा नियम ही वेगळी स्टोरी नाही. तो याच स्टोरीच्या स्वीकार-निकषात जातो. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ असेल तर पत्रकात जो दर आहे, तोच पावतीवर आला पाहिजे, असा एक निकष. हा असा तपशील फक्त आधी करायच्या स्टोरींना द्या. वर्षाखेरच्या रिबेटची स्टोरी सध्या एका ओळीची राहिली तरी चालेल.

एपिक ठरवायला भिंत वापरा. डावीकडून उजवीकडे माणसांची कामं जशी घडतात तशी चिठ्ठ्यांवर लिहून लावा: दूध घालणे, मोजणी आणि पावती, डेअरीला दूध पाठवणे, कपाती, दहा दिवसांचं बिल, पैसे वाटप. हेच एपिक. प्रत्येकाखाली त्याच्या स्टोरी, ज्याच्यावाचून अडतं ती सगळ्यात वर. सभासद नोंदणी इथे ‘दूध घालणे’ याखाली येते, तीही नाव आणि सभासद क्रमांक एवढीच. ‘रिपोर्ट्स’ नावाचं एपिक मी होऊच देत नाही, कारण ते कधी बंद होत नाही. प्रत्येक बैठकीत त्यात एक नवा रिपोर्ट पडतो. रिपोर्ट ज्या कामासाठी लागतो, त्या कामाखाली जाऊ द्या.

मग भिंतीवर आडवी रेघ मारा. रेघेच्या वर जे राहील तो पहिला रिलीज, आणि त्यात डावीकडून उजवीकडे थोडं थोडं सगळं हवं. खरी डोकेफोड कपातींवर होते. पशुखाद्याचा साठा, उचल, हप्ते हे सगळं पहिल्या रिलीजमध्ये घेतलं तर तो संपणार नाही. कपाती पूर्ण वगळल्या तर बिल वाटताच येणार नाही. मधला मार्ग असा: सचिव वहीतून एकूण कपात काढून एका रकान्यात टाकतील, सॉफ्टवेअर ती फक्त वजा करेल. पशुखाद्याचा हिशोब दुसऱ्या रिलीजला, म्हशीच्या दुधाचं दरपत्रकही तिथेच. पहिला रिलीज एका केंद्रावर, फक्त गाईच्या दुधाला, एक पूर्ण दहा दिवस जुन्या रजिस्टरसोबत चालवा. दोन्ही बिलं जुळली नाहीत तर नेमकी कोणत्या पावतीपासून फरक पडला हे शोधता येतं.

‘इंटरनेट नसताना नोंद व्हावी’ ही अट मात्र रेघेखाली ढकलू नका. डेटा कुठे साठवायचा हेच तिच्यावर ठरतं, आणि ती नंतर घुसवायची म्हणजे नोंदीचा भाग पुन्हा लिहायचा.

शेवटी शीटकडे परत या आणि कोणत्या क्रमांकासमोर एकही स्टोरी नाही ते पाहा. तिथे हमखास ‘प्रणाली वापरण्यास सोपी असावी’ असलं वाक्य उरलेलं असतं. त्याची स्टोरी करू नका. सकाळच्या रांगेत एका सभासदामागे किती सेकंद मिळतात ते सचिवांना विचारा आणि तो आकडा पावतीच्या स्टोरीत निकष म्हणून लिहा.