आरशात बरे दिसतो, मग फोटोत काय होतं? सेल्फीच्या या चुका टाळा

आरशात पाहून समाधान वाटतं आणि पाच मिनिटांनी काढलेला सेल्फी पाहिला की मूड जातो. मग कुणी म्हणतं, कॅमेरा वाईट आहे. कुणी म्हणतं, आरसा आपली खोटी समजूत घालतो, खरा चेहरा फोटोतलाच. मला ही दोन्ही उत्तरं चुकीची वाटतात, आणि दुसरं तर नुकसान करणारं वाटतं, कारण त्यावर विश्वास ठेवून माणसं स्वतःच्या नाकाबद्दल, जबड्याबद्दल नको ते ग्रह करून घेतात.

या नावडीमागे मुख्यतः दोन कारणं असतात आणि ती एकमेकांपासून अगदी वेगळी आहेत. एक म्हणजे डाव्या-उजव्याची अदलाबदल. यात चेहऱ्याचं प्रमाण जराही बदलत नाही. दुसरं म्हणजे कॅमेरा चेहऱ्याच्या फार जवळ असणं. यात प्रमाणच बदलतं. पहिल्याचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही, आणि बहुतेक चुका या दोघांची सरमिसळ केल्यामुळे होतात.

चूक पहिली: उलटा झालेला चेहरा म्हणजे 'खरं रूप उघडं पडलं' असं मानणं

समजा तुमचा भांग डाव्या बाजूला आहे. आरशात तो तुमच्या डाव्या हाताच्याच बाजूला दिसतो. फोटोत मात्र तो चौकटीच्या उजवीकडे जातो, कारण फोटो समोर उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेतून काढलेला असतो. भांग लगेच लक्षात येतो. जे लक्षात येत नाही ते जास्त त्रास देतं: एक भुवई किंचित वर असणं, हसताना ओठाचा एक कोपरा जास्त उचलला जाणं, नाकाचा शेंडा थोडा एका बाजूला झुकलेला असणं.

कुणाचाच चेहरा दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखा नसतो. नाकाचा शेंडा मधल्या रेषेपासून 2 मिलिमीटर डावीकडे असेल, तर वर्षानुवर्षं आरशात पाहून डोळ्यांना ते 2 मिलिमीटर दिसेनासे झालेले असतात. फोटोत तोच शेंडा मधल्या रेषेच्या दुसऱ्या बाजूला 2 मिलिमीटर जातो. म्हणजे डोळ्यांना जिथे अपेक्षित होता तिथून तो तब्बल 4 मिलिमीटर सरकलेला दिसतो. वाकडेपणा वाढलेला नाही, पण आपल्याला तो दुप्पट जाणवतो.

ज्या गोष्टी वारंवार पाहण्यात येतात त्या आपल्याला आवडू लागतात, हे रॉबर्ट झायोन्स या मानसशास्त्रज्ञाने 1968 मध्ये मांडलं होतं. पुढे 1977 मध्ये अमेरिकेतल्या मिटा, डर्मर आणि नाइट या संशोधकांनी ते चेहऱ्यांवर तपासलं. त्यांनी विद्यार्थिनींचे फोटो घेतले आणि प्रत्येकीच्या एकाच फोटोच्या दोन प्रती काढल्या, एक सरळ आणि एक आरशासारखी उलटी. कोणती जास्त आवडते, असं विचारल्यावर विद्यार्थिनींचा कल उलट्या प्रतीकडे होता आणि त्यांच्या जवळच्या माणसांचा सरळ प्रतीकडे. फोटो एकच होता. ज्याला जी बाजू रोज दिसते, ती त्याला बरी वाटली.

म्हणून चेहरा फ्लिप करणारा फिल्टर लावून 'बापरे, लोकांना मी असा दिसतो?' असं घाबरून जाण्यात अर्थ नाही. बाजू लोकांना तशाच दिसतात हे खरं, पण त्यांना त्यात काही खटकत नाही. तुमचा आरशातला चेहरा त्यांनी पाहिलेलाच नसतो, त्यामुळे तुलना करायला त्यांच्याकडे दुसरं काही नसतं. उलट तुमचा आरशासारखा फ्लिप केलेला फोटो आईला दाखवा. 'काहीतरी वेगळं दिसतंय' असं बहुधा तीच म्हणेल.

फोनमुळे यात आणखी गोंधळ होतो. सेल्फी काढताना स्क्रीनवर दिसणारा चेहरा आरशासारखा असतो, पण बटण दाबल्यावर बरेच फोन तो सरळ करून साठवतात. त्यामुळे फोटो उघडताच चेहरा जरासा 'हलल्यासारखा' वाटतो. नक्की कोणती प्रत समोर आहे ते ओळखायचं असेल तर टीशर्टवरची अक्षरं पाहा. ती वाचता येत असतील तर फोटो सरळ आहे, म्हणजे इतरांना दिसतो तसा. आयफोनमध्ये Settings मधल्या Camera विभागात Mirror Front Camera हा पर्याय सुरू केला की फोटो स्क्रीनवर दिसतो तसाच साठवला जातो. अँड्रॉइडच्या अनेक फोनमध्येही कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये अशी सोय असते. फोटो फक्त स्वतःसाठी असेल तर खुशाल वापरा. दुसऱ्यांना पाठवायचा असेल तर सरळ प्रतच ठेवावी असं मला वाटतं, कारण त्यांच्या ओळखीचा चेहरा तोच.

चूक दुसरी: हाताच्या अंतरावरून चेहऱ्याचं माप काढणं

हे कारण जास्त महत्त्वाचं आहे, कारण यात जे खटकतं ते फोटोत खरोखरच असतं. माझ्या मामेबहिणीने मला एक सेल्फी दाखवून विचारलं होतं, 'दादा, माझं नाक एवढं मोठं आहे का रे?' फोन चेहऱ्यापासून साधारण 30 सेंटिमीटरवर धरलेला होता. तिच्या फोटोचं गणित मांडून पाहू.

जी गोष्ट कॅमेऱ्याच्या जवळ ती मोठी, लांब ती लहान. कान नाकाच्या शेंड्याच्या सुमारे 12 सेंटिमीटर मागे असतात असं धरू. शेंडा 30 सेंटिमीटरवर, तर कान 42 वर. 42 भागिले 30 म्हणजे 1.4. याचा अर्थ, कानांच्या मानाने नाक प्रत्यक्षाच्या 1.4 पट मोठं उमटतं.

आता आरसा घ्या. ती आरशापासून 50 सेंटिमीटरवर उभी राहते. आरशातली प्रतिमा आरशाच्या तितकीच मागे असते, त्यामुळे ती स्वतःला प्रत्यक्षात 100 सेंटिमीटरवरून पाहत असते. शेंडा 100 वर, कान 112 वर, प्रमाण 1.12. म्हणजे आरशात रोज दिसणाऱ्या नाकापेक्षा सेल्फीतलं नाक कानांच्या तुलनेत 25 टक्के मोठं. तिचं निरीक्षण बरोबर होतं, फक्त दोष नाकाचा नव्हता.

तोच फोटो दीड मीटरवरून काढला तर 162 भागिले 150, म्हणजे 1.08. आरशाच्या आकड्याच्या अगदी जवळ. 2018 मध्ये अमेरिकेतले शल्यविशारद बोरिस पास्खोवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चेहऱ्याच्या गणिती प्रतिकृतीवरून असंच दाखवलं होतं. 12 इंचांवरून नाक सुमारे 30 टक्के रुंद भासतं आणि 5 फुटांवरून हा फुगवटा जाणवत नाही.

फोटो फार जवळून काढला आहे हे ओळखायचं असेल तर कान पाहा. जवळच्या फोटोत ते आक्रसून गालांमागे जातात, कधी दिसतही नाहीत. चेहरा अरुंद आणि पुढे आलेला वाटतो. फोन वर धरला असेल तर कपाळ मोठं आणि हनुवटी बारीक होते, खाली धरला तर उलट.

चूक तिसरी: झूम करून काम भागेल असं समजणं

'वाइड लेन्समुळे चेहरा बिघडतो' हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. चेहऱ्याचं प्रमाण मात्र लेन्स ठरवत नाही, अंतर ठरवतं. वाइड लेन्समध्ये चेहरा छोटा दिसतो म्हणून आपण पुढे सरकतो आणि घोळ होतो. त्यामुळे फोन 30 सेंटिमीटरवरच ठेवून दुप्पट झूम केलं, तर तेच मोठं नाक आणखी जवळून दिसेल, एवढंच.

करायचं असं: फोन डोळ्यांच्या उंचीवर कशाला तरी टेकवा, टायमर लावा आणि दीड ते दोन मीटर मागे जा. आता झूम उपयोगी पडतं, पण वेगळ्या कारणासाठी. इतक्या लांबून साध्या लेन्सने काढलेल्या फोटोत डोकं चौकटीच्या उंचीच्या नवव्या भागाएवढंच येतं आणि क्रॉप केल्यावर तपशील कमी राहतो. फोनच्या मागच्या बाजूला 2x किंवा 3x लेन्स असेल तर ती वापरा. मागचा कॅमेरा तसाही बहुधा पुढच्यापेक्षा चांगला असतो. यालाही मर्यादा आहे. चार-पाच मीटरवरून काढलेला चेहरा सपाट आणि जरा रुंद वाटू लागतो, म्हणून उगाच लांब जाऊ नका.

आरशासमोर उभं राहून मागच्या कॅमेऱ्याने काढलेले फोटो अनेकांना आवडतात त्याचं कारणही इथेच सापडतं. चेहरा आरशापासून 75 सेंटिमीटरवर आणि हातातला फोन 50 वर असेल, तर कॅमेऱ्याला चेहरा 125 सेंटिमीटरवरून दिसतो. शिवाय फोटो आरशासारखाच उलटा असतो. दोन्ही तक्रारी एकदमच मिटतात.

नक्की काय खटकतंय ते कसं शोधायचं

एकाच उजेडात, एकाच हावभावात दोन फोटो काढा. एक हाताच्या अंतरावरून, एक दीड मीटरवरून. मग दोन्हींची एकेक प्रत फोनच्या एडिटरमध्ये आडवी फ्लिप करा आणि चारही शेजारी ठेवून पाहा. लांबचा फोटो फ्लिप केल्यावर बरा वाटला तर अडचण सवयीची आहे. जवळचे दोन्ही फोटो खटकतात आणि लांबचे दोन्ही चालतात, असं असेल तर अंतराची. चारही नकोसे वाटले तर उजेड, हावभाव किंवा अर्ध्यात गोठलेलं हसू तपासा. तिथे अंतर आणि फ्लिप दोन्ही कामाला येत नाहीत.

ग्रुप फोटोत कडेला उभं राहणं

इथे मात्र लेन्सचा खरोखर संबंध येतो. सरळ रेषा सरळ राखण्यासाठी वाइड लेन्स चौकटीच्या कडांकडचं चित्र बाहेरच्या बाजूला ताणते. साध्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्यात आडव्या फोटोच्या अगदी टोकाला चेहरा सुमारे पाव पटीने जास्त रुंद होऊ शकतो आणि 0.5x वर तर याहून कितीतरी जास्त. कोपऱ्यात तो तिरपा ताणला जातो. म्हणून ग्रुपसाठी 0.5x टाळा, फोटो काढणाऱ्याला दोन पावलं मागे जायला सांगा आणि दोन्ही बाजूंना थोडी रिकामी जागा सोडायला लावा. ती नंतर क्रॉप करता येते.