ज्युनिअरचा रिव्ह्यू तपासताना: आधी क्रम, मग भाषा

पीएचडीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातल्या विद्यार्थ्याने जर्नलकडे आलेल्या पेपरवर लिहिलेला रिव्ह्यू हातात आला की आपण लगेच भाषा सुधारायला बसतो. तसं करू नका. आधी क्रम बघा. बहुतेक ज्युनिअर पेपर वाचत जातात तसतशा शंका लिहीत जातात, त्यामुळे रिव्ह्यू पानांच्या क्रमाने उतरतो. पहिल्या पानावरची स्पेलिंगची चूक पहिली आणि पेपरचा पायाच हलवणारी गोष्ट सतरावी. लेखक म्हणून असा रिव्ह्यू मला आला होता. किरकोळ मुद्द्यांची उत्तरं लिहिण्यात आठवडे गेले आणि खरा आक्षेप दुसऱ्या फेरीत पेपर नाकारला गेला तेव्हा लक्षात आला. ते अजून सलतं.

समजा, पेपर सोयाबीनवरच्या जिवाणू खताचा आहे. खत घातलेल्या 3 कुंड्या, न घातलेल्या 3, प्रत्येकीत 10 रोपं. लेखकांनी दर गटात 30 नमुने धरून टी-टेस्ट केली. खत कुंडीला दिलं होतं, एकेका रोपाला नव्हे. एका कुंडीतल्या रोपांची माती आणि पाणी एकच, म्हणून खरे नमुने गटागणिक 3 आहेत. ज्युनिअरने हे अचूक पकडलं, पण लिहिलं असं: ‘लेखकांना संख्याशास्त्राची प्राथमिक समज नाही.’ हे वाक्य जाऊ देऊ नका. यातून लेखकाला करण्यासारखं काहीच मिळत नाही.

ज्युनिअरला प्रत्येक मुद्द्यावर एकच प्रश्न विचारा: हे दुरुस्त झालं नाही, तर मुख्य निष्कर्ष टिकतो का? टिकत नसेल तर मुद्दा मेजर, आणि तो सगळ्यात वर. मग वाक्य त्यालाच पुन्हा लिहू द्या. ते साधारण असं होतं: ‘दर गटात 3 कुंड्या आहेत, पण विश्लेषण 30 रोपांवर केलं आहे. एका कुंडीतली रोपं स्वतंत्र नमुने नाहीत. कुंडीनिहाय सरासरी घेऊन किंवा कुंडी हा रँडम इफेक्ट धरून विश्लेषण पुन्हा करावं. फरक टिकला नाही, तर सारांशातला उत्पादनवाढीचा दावा मागे घ्यावा.’ काय दिसलं, का अडतं, काय करावं, आणि नाही जमलं तर काय, हे सगळं त्यात आलं.

‘दोन हंगाम शेतात प्रयोग करा’ अशी मागणी ज्युनिअर हमखास घालतात. पेपरचा दावा कुंडीपुरताच असेल तर ती काढायला लावा, फार तर ऐच्छिक सूचना म्हणून ठेवा. आलेखाचे फॉन्ट, सुटलेले संदर्भ हे सगळं शेवटी, थोडक्यात.

त्याचा मसुदा स्वतः लिहून काढू नका, समासात शेरे द्या. वेळ जास्त जातो, पण दुसऱ्या कुठल्या मार्गाने तो शिकत नाही. सुरुवातीला त्याचा सूर कडक असतो म्हणून घाबरू नका, दोन-तीन रिव्ह्यूंत तो निवळतो.

विद्यार्थ्याकडून रिव्ह्यू लिहून घेऊन स्वतःच्या नावाने पाठवणारे गाईड मला मुळीच पटत नाहीत. पेपर गोपनीय असतो. विद्यार्थ्याला दाखवण्याआधी एडिटरची परवानगी घ्या आणि रिव्ह्यू पाठवताना त्याचं नाव कळवा.